तीस एअर चेंज आणि दाराशी उलटा वारा: नाशिकमधल्या एका ओटीचं प्रकरण

नाशिकमधल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी हॉस्पिटलने जुन्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सांधेबदल शस्त्रक्रियांसाठी नवीन ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, बांधली. सोबत हात धुवायची स्क्रब खोली, क्लीन कॉरिडॉर आणि मागच्या बाजूला वापरलेलं सामान बाहेर नेण्यासाठी डर्टी कॉरिडॉर. काम पूर्ण झाल्यावर व्हॅलिडेशन झालं, सगळे आकडे पास झाले, शस्त्रक्रिया सुरू झाल्या. साधारण वर्षभराने ओटीच्या सिस्टर इन्चार्जनी तक्रार केली की सोमवारी सकाळी दाराजवळ ठेवलेल्या कल्चर प्लेटांवर वाढ दिसते. टेबलाजवळच्या प्लेटा स्वच्छ, दाराजवळच्या खराब, आणि तेही मुख्यतः सुट्टीनंतरच्या सकाळी. हॉस्पिटलने आधी फ्युमिगेशन वाढवलं, मग हेपा फिल्टरची गळती तपासून घेतली. फिल्टर शाबूत होते. त्यानंतर मला बोलावलं.

दोन जागांमधल्या दाबाचा फरक दाखवणारा भिंतीवरचा मॅग्नेहेलिक गेज 14 पास्कल दाखवत होता. सप्लायची हवा मोजली तर तीही व्यवस्थित भरली. सिस्टर मात्र ठाम होत्या. "सर, गेज काही म्हणू दे, दाराखालून हवा आत येते. पायाला लागते." त्यांनी टाके घालायच्या धाग्याचा वीतभर तुकडा घेतला आणि दोन पाखांच्या दाराच्या खालच्या फटीशी धरला. धागा बाहेर कॉरिडॉरकडे झुकायला हवा होता. तो सरळ लोंबकळत राहिला, मध्येच थोडा आत वळला. दाराच्या आतल्या बाजूला, व्हायनिलवर फटीच्या समोर करड्या धुळीची बारीक पट्टी उमटली होती. हवा ज्या दिशेने फटीतून जाते त्या बाजूला धूळ बसते, त्यामुळे ही पट्टी आत दिसली याचा अर्थ हे वरचेवर बराच वेळ चालू होतं.

आता ओटीचे आकडे. खोली 24 बाय 20 फूट, उंची 10 फूट, म्हणजे 4800 घनफूट. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सांधेबदलाची ओटी 'टाइप ए'मध्ये येते: तासाला किमान 20 एअर चेंज, त्यात किमान 4 बाहेरच्या ताज्या हवेचे, आणि शेजारच्या भागांपेक्षा किमान 2.5 पास्कल जास्त दाब. 20 एअर चेंजला मिनिटाला 1600 घनफूट हवा, म्हणजे 1600 सीएफएम पुरले असते. पण टेबलावर लॅमिनार फ्लोचा प्लेनम, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेने खाली सोडणारी छतातली पेटी, 10 बाय 8 फुटांचा बसवला होता, आणि त्याखालचा वेग मिनिटाला 25 ते 35 फूट ठेवायचा असतो. 80 चौरस फुटांना 30 फुटांचा वेग म्हणजे 2400 सीएफएम, आणि भागाकार केला तर 30 एअर चेंज. टाइप ए ओटीत एअर चेंजचा आकडा सहसा असाच ठरतो: आधी प्लेनमचं क्षेत्रफळ, मग वेग, आणि त्यातून जे निघेल ते. मार्गदर्शक सूचनांतला 20 हा तळ आहे. तिथून हिशेब सुरू केला तर बऱ्याचदा प्लेनमखालचा वेग अपुरा पडतो.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा प्रश्न स्वाभाविक होता: किमान 20 हवेत, आपल्याकडे 30 आहेत, मग दाब का नाही? यातच सगळं प्रकरण आहे. एअर चेंज म्हणजे खोलीतली हवा किती वेळा फिल्टरमधून फिरते. तीत आलेले कण किती लवकर पातळ होतात, हे त्यावर ठरतं. हवा चांगली मिसळते असं धरलं तर 20 एअर चेंजला 99 टक्के कण निघायला सुमारे 14 मिनिटं लागतात, 30 ला साधारण 9. दाबाशी याचा थेट संबंध नाही. 2400 सीएफएम आत टाकले आणि रिटर्नच्या जाळीतून 2400 च परत ओढले, तर एअर चेंज 30 च राहतात आणि दाब शून्य. दाब उभा राहतो तो आत येणाऱ्या आणि रिटर्नने नेलेल्या हवेच्या फरकावर. ही जास्तीची हवा फटींतून बाहेर जायला धडपडते, आणि तिला जितकी अडचण होते तितका दाब चढतो. ओटीतून दुसरा कुठला एक्झॉस्ट नसेल आणि डक्ट गळत नसतील, तर ही जास्तीची हवा म्हणजे ओटीला थंड, गाळलेली हवा पुरवणाऱ्या एएचयू यंत्राने बाहेरून ओढलेली ताजी हवा, तेवढीच. एएचयू दिवसभर 2400 फिरवेल, पण ओटीचा दाब त्यातल्या ताज्या हवेच्या छोट्या हिश्श्यावर टिकून असतो.

मूळ डिझाइनमध्ये ताजी हवा 4 एअर चेंज, म्हणजे 320 सीएफएम धरली होती. ती नियमात बसते. पण या ओटीच्या फटींना ती पुरते का, हा हिशेब कागदावर कुठेच नव्हता. तो कठीण नाही. फटीतून जाणाऱ्या हवेसाठी

Q = 0.83 × A × √ΔP

हे सूत्र वापरतात. Q घनमीटर प्रतिसेकंद, A फटीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, ΔP पास्कलमध्ये. उत्तर सीएफएममध्ये हवं असेल तर 2119 ने गुणायचं.

फटी मी फीलर गेजने मोजल्या. मुख्य दार दीड मीटर रुंद, 2.1 मीटर उंच, दोन पाखांचं. बाजू, वर आणि मधल्या जोडावर सुमारे 3 मिलिमीटर, खाली 8. एकूण 0.0354 चौरस मीटर. स्क्रबचं आणि डर्टी कॉरिडॉरचं दार एकेका पाखाचं, प्रत्येकी 0.0225. ठरलेला कॅस्केड, म्हणजे एका भागातून दुसऱ्यात उतरत जाणारा दाब, असा होता: हॉस्पिटलचा सर्वसाधारण भाग शून्य धरला तर क्लीन कॉरिडॉर आणि स्क्रब 5 पास्कल, ओटी 15, डर्टी कॉरिडॉर पुन्हा शून्य. म्हणजे ओटी आणि क्लीन कॉरिडॉरमध्ये 10 चा फरक, ओटी आणि डर्टी कॉरिडॉरमध्ये 15 चा.

मुख्य दारातून 10 पास्कलला 197 सीएफएम जातात, स्क्रबच्या दारातून 125, डर्टी कॉरिडॉरच्या दारातून 15 पास्कलला 153. बेरीज 475. ठरवलेला दाब ठेवायला 475 सीएफएम लागत होते आणि डिझाइनमध्ये होते 320. नव्या कोऱ्या अवस्थेतही हा कॅस्केड पूर्ण कधीच उभा राहू शकत नव्हता. 320 टाकून समीकरण सोडवलं की ओटी 9 पास्कलवर येते, म्हणजे कॉरिडॉरपेक्षा 4 जास्त. 2.5 च्या वर असल्यामुळे व्हॅलिडेशनला ते चाललं. नंतर फिल्टर भरला की खाली घसरायला जागा किती उरते, हे त्या दिवशी कोणी तपासत नाही.

त्यानंतरच्या वर्षात काय झालं ते गच्चीवर एएचयूपाशी दिसलं. ताज्या हवेची डक्ट एक फूट बाय एक फुटाची, तोंडाला लूव्हर आणि त्यामागे प्री-फिल्टर. बाजूच्या रस्त्याची कामं सुरू होती. सिंहस्थाच्या तयारीत शहरात बऱ्याच भागांत रस्ते खोदलेले होते. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत ही धूळ थेट लूव्हरवर येत होती. प्री-फिल्टर चाचपला तर बोटाला पीठ लागावं तशी बारीक धूळ लागली. डक्टमध्ये व्हेन अॅनिमोमीटर फिरवला, सरासरी वेग मिनिटाला 180 फूट, म्हणजे 180 सीएफएम. एएचयूचे मुख्य प्री-फिल्टर मात्र स्वच्छ होते. मेंटेनन्सचे दादा ते दर आठवड्याला धुवत होते, त्यांची नोंदही होती. त्या यादीत लूव्हरचा फिल्टर नव्हता.

एकूण 2400 ला धक्का न लागता ताजी हवा एवढी कशी घटली, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ताजी हवा आणि रिटर्नची हवा एकाच मिक्सिंग बॉक्समध्ये येतात, आणि दोघांना ओढणारा पंखा एकच असतो. बॉक्समध्ये जी काही पन्नासेक पास्कलची ओढ असते, तिच्याच जोरावर बाहेरची हवा आत येते. ताज्या हवेच्या वाटेत विरोध वाढला की तिचा वाटा घटतो, आणि पंखा ती तूट रिटर्नमधून भरून काढतो. पंख्याचा वेग बदलणारा व्हीएफडी सप्लायचा प्रवाह स्थिर ठेवतो, त्यामुळे तो 2400 च दिसतो. प्लेनमचा वेग ठीक, एअर चेंज ठीक, हेपा ठीक. फक्त ताजी हवा कमी झाली आणि तिच्यासोबत दाब गेला.

180 सीएफएमवर गणित केलं तर ओटी 5.7 पास्कलवर येते. कॉरिडॉर 5 वर असेल तर फरक 0.7. डिजिटल मायक्रोमॅनोमीटरने मोजला तेव्हा तो 0.5 ते 1 च्या दरम्यान हेलकावत होता. इथे हवा आणि दाब यांचं नातं लक्षात घ्यायला हवं: प्रवाह अर्धा झाला की दाब साधारण चौथ्यावर येतो. ताजी हवा 320 वरून 180 वर आली, म्हणजे जेमतेम 44 टक्के घट, पण कॉरिडॉरच्या तुलनेतला दाब 4 वरून 0.7 वर, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्याही खाली.

सोमवार सकाळचं कोडं इथेच सुटलं. एनएबीएचच्या सूचनांप्रमाणे काम नसताना व्हीएफडीने एअर चेंज 25 टक्क्यांपर्यंत उतरवता येतात, पण दाबाचं नातं बिघडू नये ही अट त्याच वाक्यात आहे. इथे शनिवार रात्रीपासून पंखा चौथाई वेगावर चालत होता. प्रवाह चौथाई झाला की मिक्सिंग बॉक्समधली ओढ त्याहून खूप जास्त घसरते, आणि तुंबलेल्या फिल्टरमधून नावापुरतीच हवा आत येते. क्लीन कॉरिडॉरचा एएचयू मात्र पूर्ण वेगात चालू, त्याचा दाब 5 वर कायम. माझ्या हिशेबाने ताजी हवा 88 सीएफएमच्या खाली गेली की ओटी कॉरिडॉरपेक्षा खाली जाते आणि दारातून हवा आत वळते. रविवारभर तीच आत येत राहिली, दाराजवळ स्थिरावली, आणि सोमवारी पहाटे प्लेटा उघडल्या तेव्हा ती प्लेटांवर दिसली. टेबलाजवळच्या प्लेटा स्वच्छ राहिल्या कारण पहाटे यंत्रणा पूर्ण वेगात आल्यावर प्लेनमचा खालचा प्रवाह त्या भागाला धुऊन टाकतो.

मग गेज 14 का दाखवत होता? त्याच्या हाय बाजूची नळी ओटीत होती, ती बरोबर. लो बाजूची नळी कॉरिडॉरमध्ये उघडायला हवी होती, पण ती कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगच्या वर, पोकळीत संपली होती. त्या पोकळीतून टॉयलेटच्या एक्झॉस्टची डक्ट जाते, तिचा एक सांधा उघडा होता, आणि ती पोकळीलाच ओढत होती. पोकळी उणे 8 पास्कलच्या आसपास होती. ओटी 5.7, पोकळी उणे 8, बेरीज जवळपास 14. गेज अचूक होता, फक्त भलत्याच दोन जागांमधला फरक सांगत होता. गेजवर कितीही विश्वास असला तरी त्याच्या दोन्ही नळ्यांची तोंडं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो आकडा कॅस्केडचा मानू नये. धाग्याचा तुकडा यापेक्षा विश्वासार्ह ठरतो, कारण तो त्या फटीतलीच दिशा दाखवतो.

उपाय दोन बाजूंनी केला. आधी फटी. तिन्ही दारांना खाली उतरणारे ड्रॉप सील बसवले, त्यामुळे खालची फट 8 वरून 3 मिलिमीटरवर आली. मुख्य दाराचं क्षेत्रफळ 0.0279, बाकी दोन्हींचं प्रत्येकी 0.018. त्याच 10 आणि 15 पास्कलला आता 475 ऐवजी 378 सीएफएम पुरतात. दाराखालची पट्टी हा ओटीच्या बजेटातला अगदी किरकोळ खर्च आहे, पण इथे तिने जवळपास शंभर सीएफएम वाचवले.

दुसरं, ताज्या हवेला स्वतःचा पंखा. मिक्सिंग बॉक्सच्या ओढीवर तिला सोडायचं नाही असं ठरवलं. लूव्हरमागे 480 सीएफएम क्षमतेचं छोटं युनिट बसवलं: प्री-फिल्टर, फाइन फिल्टर, पंखा, व्हीएफडी आणि प्रवाह मोजायचं सेन्सर. हे युनिट ठरवलेली हवा मिक्सिंग बॉक्समध्ये ढकलतं, फिल्टर भरत गेला तर व्हीएफडी वेग वाढवतो. युनिटवर फिल्टरचा वेगळा गेज आहे. तो नव्या फिल्टरला पन्नासेक पास्कल दाखवतो, 120 च्या पुढे गेला की फिल्टर बदलायचा. आठवड्याच्या तारखेवर विसंबू नका असं मी लिहून दिलं, कारण मार्चमधला आठवडा आणि ऑगस्टमधला आठवडा यांत धुळीचा फरक फार असतो.

याचा सगळ्यात मोठा फायदा रात्री दिसतो. मुख्य पंखा 2400 वर असो की 600 वर, ओटीतून बाहेर जाणारी जास्तीची हवा ताज्या हवेइतकीच राहते. रात्री मुख्य पंखा 600 घेतो, त्यातले 430 ताजे, उरलेले 170 रिटर्नचे. दाब हलत नाही.

430 हा आकडा मोजून आला. पंखा सुरू करून हळूहळू वाढवत नेला आणि कॉरिडॉरच्या तुलनेत 10 ते 11 पास्कल आले तिथे थांबलो. हिशेबाने 386 पुरायला हवे होते. उरलेले चाळीसेक सीएफएम लाइटच्या खाचा, पास बॉक्स आणि सीलिंगच्या सांध्यांतून जातात, जे मी फटींच्या बेरजेत धरलेच नव्हते. इथे बॅलन्सिंग करणाऱ्यांना आवर्जून सांगेन: सप्लाय मोजायचा, रिटर्न मोजायचा आणि वजाबाकी करून जास्तीची हवा काढायची, हा मार्ग घेऊ नका. 2400 वर मोजमापाची चूक पाच टक्के धरली तरी ती 120 सीएफएम होते, आणि तुम्ही शोधताय 400. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत चूकच उरते. दाब थेट मोजा आणि त्यावरून पंख्याचा प्रवाह एकदाच ठरवा. नाशिकला आणखी एक बारीक गोष्ट आहे: शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, हवेची घनता मुंबईपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी. पिटो ट्यूबने वेग काढताना प्रमाण घनतेचं सूत्र जसंच्या तसं वापरलं तर प्रत्यक्ष वेग दिसतो त्यापेक्षा साडेतीन टक्के जास्त असतो.

पंखा दाब बघून सतत वर-खाली करायचा पर्याय कंत्राटदाराने सुचवला होता. मी तो नाकारला. दार उघडलं की दाब क्षणात शून्यावर येतो, कंट्रोलर पंखा पळवतो, दार बंद होतं आणि दाब उसळतो. ओटीत दार दिवसभर उघडत असतं. स्थिर प्रवाह ठेवायचा आणि दाबावर फक्त अलार्म लावायचा, तोही मिनिटभराचा विलंब देऊन, हे साधं आणि टिकाऊ.

पैशांचा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांना वाटलं की खरा भार मे महिन्यातल्या चाळीस अंशांचा असेल. तो तितका जड नाही, कारण त्या हवेत ओलावा कमी असतो. भारी पडतो तो जुलै. बाहेर 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना ती हवा ओटीच्या 20 अंश आणि 55 टक्क्यांवर आणायची तर तिच्यातलं पाणी कॉइलवर काढावं लागतं. ताजी हवा 320 वरून 480 वर नेली तर 160 सीएफएमसाठी साधारण एक टन जादा कूलिंग लागतं. तेवढी क्षमता चिलरमध्ये शिल्लक होती म्हणून काम सोपं झालं. नसती, तर सील आणखी घट्ट करून ताजी हवा कमीत राखावी लागली असती.

याच कारणाने रात्रीबाबत मी एक अट घातली. मार्गदर्शक सूचना रात्री तापमान नियंत्रणाशिवाय पंखा चालवायला मुभा देतात. उन्हाळ्यात ती वापरायला हरकत नाही. पावसाळ्यात ताजी हवा रात्रभर आत ढकलत राहायची आणि कॉइल बंद ठेवायची, तर पहाटेपर्यंत ओटीत बाहेरचीच आर्द्रता भरते, आणि ओल्या फिल्टरवर व सीलिंगच्या सांध्यांत बुरशी धरते. जून ते सप्टेंबर रात्रीही चिल्ड वॉटर चालू, अशी सूचना इमारतीच्या यंत्रणा चालवणाऱ्या बीएमएसमध्येच बसवली.

दाबाकडून अपेक्षा किती ठेवायची तेही डॉक्टरांसमोर मांडलं. दीड मीटरचं दार पूर्ण उघडलं की 430 सीएफएम त्या 3.15 चौरस मीटरच्या उघड्या जागेतून सेकंदाला सात सेंटिमीटरच्याही कमी वेगाने बाहेर पडतात. ओटी 20 अंश आणि कॉरिडॉर 24 असेल तर थंड हवा खालून बाहेर आणि गरम हवा वरून आत, अशी देवाणघेवाण त्याहून जोरात चालते. बंद दाराला दाब राखतो, उघड्या दाराला नाही. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान लागणारं इम्प्लांट आधीच आत आणून ठेवायचं आणि दार उघडणं कमी करायचं, ही शिस्त सिस्टरांनी लावली आणि त्यांच्या हातातच राहिली.

प्लेनम आणखी मोठा करावा का, हाही विषय निघाला. मी नको म्हटलं. 2016 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांधेबदलात संसर्ग टाळण्यासाठी लॅमिनार फ्लो वापरू नये अशी सशर्त सूचना आहे, आणि तिच्यामागचा पुरावा कमकुवत असल्याचंही तिथेच नमूद आहे. एनएबीएच टाइप ए ओटीत तो मागतं, म्हणून आहे तो चालू ठेवायचा. पण त्यावर जादा लाखो रुपये घालण्याआधी ताज्या हवेचा फिल्टर स्वच्छ आहे का, दाराखाली सील आहे का आणि गेजची नळी कुठे उघडते, एवढं बघून घ्यावं.

काम झाल्यानंतर ओटीच्या नोंदवहीत एक नवीन स्तंभ आला. रोज पहिल्या केसच्या आधी, यंत्रणा पूर्ण वेगावर नेण्यापूर्वी, सिस्टर तिन्ही दारांशी धागा धरतात आणि दिशा लिहितात; शेजारी नव्या जागी बसवलेल्या गेजचा आकडा आणि ताज्या हवेच्या युनिटचा प्रवाह. तिन्ही मिळून एक मिनिटही लागत नाही. दाब 6 च्या खाली गेला तर मेंटेनन्सला फोन, 2.5 च्या खाली गेला तर केस थांबवायची आणि आधी गच्चीवरचा फिल्टर बघायचा, असं ठरलं आहे.